फोर-के लॅपटॉपवर ऑटोकॅडच्या बारीक रेषा: पडद्यावरची जाडी आणि कागदावरची जाडी

प्रश्न: नवीन लॅपटॉप १५.६ इंची फोर-के आहे, विंडोजचं स्केलिंग २५०%. ऑटोकॅडमध्ये टाइल्स आणि हॅचच्या रेषा जवळजवळ दिसतच नाहीत. ऑफिसच्या २४ इंची मॉनिटरवर तीच फाइल ठीक दिसते. लेयरची जाडी वाढवली तर लॅपटॉपवर दिसतं, पण प्रिंट काळाकुट्ट येतो. नक्की कुठे काय सेट करायचं?

उत्तर:

सगळ्यात आधी लेयरची जाडी पूर्वी होती तिथे परत नेऊन ठेवा. तो आकडा कागदासाठी आहे, पडद्यासाठी नाही. १:५० च्या प्लॅनमध्ये ५० मिमी अंतराने मारलेलं हॅच कागदावर १ मिमी अंतराने येतं. रेषा ०.१३ ची असेल तर साधारण १३% कागद शाईखाली जातो, ०.३० केली की ३०%. प्रिंट काळा पडतोय तो याच हिशोबाने.

आता लॅपटॉपवर रेषा का हरवतात ते. मॉडेल स्पेसमध्ये ऑटोकॅड रेषेची जाडी मिलिमीटरमध्ये दाखवत नाही, पिक्सेलमध्ये दाखवतो. म्हणून कितीही झूम केलं तरी तिथे रेषा जाड होत नाही. नेहमीच्या सेटिंगला ०.२५ आणि त्याखालच्या सगळ्या रेषा एकाच पिक्सेलच्या दिसतात. तुमच्या ऑफिसच्या २४ इंची फुल-एचडी मॉनिटरचा एक पिक्सेल सुमारे ०.२८ मिमीचा आहे. लॅपटॉपच्या ३८४० × २१६० पडद्याचा पिक्सेल ०.०९ मिमीचा. म्हणजे तीच एक पिक्सेलची रेषा लॅपटॉपवर तिप्पट बारीक होते. विंडोजचं २५०% स्केलिंग इथे मदतीला येत नाही, कारण त्याने रिबन, मेनू आणि अक्षरं मोठी होतात, ड्रॉइंगच्या जागेतला पिक्सेल आहे तेवढाच राहतो. आणि तसाच राहायला हवा, कारण हे बिघडलं की रेषा धूसर होतात.

ते बिघडलंय का, हे आधी तपासा. ऑटोकॅड बंद करून `acad.exe` वर राइट क्लिक, `Properties`, `Compatibility`, मग `Change high DPI settings`. तिथे `Override high DPI scaling behavior` ला टिक असेल आणि खाली `System` निवडलेलं असेल, तर विंडोज पूर्ण खिडकी कमी रिझोल्यूशनला काढून घेतो आणि तेच चित्र ताणून मोठं करतो. २५०% ला एक पिक्सेल अडीच पिक्सेलांवर पसरतो, अर्थात कडेला राखाडी किनार येते. पांढरी रेषा पांढरी राहत नाही आणि शेजारच्या दोन रेषा एकमेकींत मिसळतात. `System (Enhanced)` ने काही प्रोग्रॅमची अक्षरं सुधारतात, पण ऑटोकॅडची ड्रॉइंगची जागा ग्राफिक्स कार्डावर रंगवली जाते, तिथे त्याचा फायदा धरू नका. टिक काढून टाका. जुनी आवृत्ती असेल आणि टिक काढूनही चित्र धूसर राहिलं, तर टिक ठेवून `Application` निवडा. ताणलेलं चित्र ओळखायला सोपं असतं: कर्सरच्या उभ्या-आडव्या रेषांकडे नीट बघा, त्यांच्या कडा मऊ दिसल्या तर चित्र ताणलं जातंय.

चित्र स्वच्छ झालं की मॉडेल स्पेसकडे या. `LWEIGHT` कमांड द्या. खिडकीत `Display Lineweight` ला टिक करा आणि `Adjust Display Scale` ची पट्टी थोडी उजवीकडे सरकवा. ही पट्टी फक्त मॉडेल टॅबच्या दिसण्यासाठी आहे, प्रिंटला तिचा काडीचाही संबंध नाही. लॅपटॉपवर बिनधास्त वाढवा. ०.५० ची भिंत आणि ०.२५ ची खिडकी चटकन वेगळी ओळखता येईल इतपत पुरे. फार पुढे नेली तर भिंतींचे कोपरे भरून जातात, दाराच्या चौकटीच्या दोन रेषा एक होतात, आणि एका पिक्सेलहून जाड रेषांमुळे मोठी फाइल रीजनरेट व्हायला जास्त वेळ लागतो. शून्य जाडीच्या रेषा मात्र पट्टी कुठेही नेली तरी एक पिक्सेलच राहतात. तुमच्या टाइल्सच्या लेयरला ०.०० दिलेलं असेल तर पट्टी सरकवून काही होणार नाही, तिला ०.१३ द्या. तसंही ०.०० म्हणजे ‘प्रिंटरला जमेल तितकी बारीक’. प्रत्येक प्रिंटरवर ती वेगळी येते, त्यामुळे पक्क्या ड्रॉइंगमध्ये ती नकोच.

एवढं करूनही एक पिक्सेलच्या रेषा फिक्या वाटत असतील तर हे तीन आकडे बघा:

```
LINESMOOTHING  0
LINEFADING     0
LAYLOCKFADECTL 0
```

पहिल्याने रेषांच्या कडा गुळगुळीत करणं बंद होतं. गुळगुळीत करताना तिरकी रेषा दोन पिक्सेलांमध्ये अर्धी-अर्धी वाटली जाते, म्हणून तिरकं हॅच आडव्या-उभ्या रेषांपेक्षा पुसट दिसतं. इतक्या बारीक पिक्सेलच्या पडद्यावर तिरक्या रेषेच्या पायऱ्या डोळ्याला फारशा जाणवत नाहीत, त्यामुळे लॅपटॉपवर ते बंद करण्यात काही तोटा नाही. ऑफिसच्या मॉनिटरवर मात्र पायऱ्या खुपतील, तिथे चालू ठेवा. दुसरा आकडा दाट रेषांच्या भागात ऑटोकॅड आपण होऊन रेषा फिक्या करतो ते थांबवतो. तिसरा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: लॉक केलेला लेयर ५०% फिका दाखवला जातो. हॅच हलू नये म्हणून लेयर लॉक करायची सवय असते, आणि मग तेच हॅच दिसत नाही म्हणून आपण जाडी वाढवत बसतो. रंगही बघा. काळ्या पार्श्वभूमीवर ५ नंबरचा निळा किंवा ८ नंबरचा राखाडी ०.०९ मिमीच्या रेषेत टिकत नाही, तिथे उजळ रंग द्या. हातासरशी हेही करून घ्या: `PICKBOX` ३ असेल तर ७-८ करा, नाहीतर रेषा दिसली तरी पकडता येणार नाही.

इथवर दिसण्याचं झालं. खरी जाडी मॉडेल स्पेसमध्ये बघायची नसते, ती लेआउटमध्ये बघायची. लेआउटमध्ये जाडी कागदाच्या मिलिमीटरमध्ये दाखवली जाते आणि झूमबरोबर वाढते. `LWDISPLAY` प्रत्येक टॅबसाठी वेगळं साठवलं जातं, म्हणून मॉडेलमध्ये चालू केलं तरी लेआउटमध्ये पुन्हा चालू करावं लागतं. शिवाय पेज सेटअपमध्ये `Display plot styles` ला टिक द्या. सीटीबी फाइलमध्ये एखाद्या रंगाला स्वतंत्र जाडी ठरवलेली असेल तर लेयरची जाडी बाजूला पडते आणि सीटीबीचीच छापली जाते. टिक नसेल तर पडद्यावर एक आणि कागदावर दुसरंच.

उदाहरण म्हणून कोथरूडच्या एखाद्या टू-बीएचकेचा १:५० प्लॅन ए२ कागदावर घ्या: भिंती ०.५०, दारं-खिडक्या ०.२५, टाइल्स आणि हॅच ०.१३. लॅपटॉपवर रिबन सोडून उंचीला १५०० पिक्सेल उरले असं धरू. अख्खा ए२ दिसत असताना ४२० मिमी त्यात बसतात, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे ३.६ पिक्सेल. ०.५० ला १.८ पिक्सेल मिळतात, ०.२५ ला ०.९, ०.१३ ला अर्धासुद्धा नाही. एका पिक्सेलच्या खाली रेषा काढता येत नाही, म्हणून खिडकी आणि टाइल सारखीच दिसते. ऑफिसच्या मॉनिटरवर उंचीला ८०० पिक्सेल धरले तर भिंतसुद्धा एका पिक्सेलवर येते. म्हणजे पूर्ण शीट समोर ठेवून जाडी ठरवणं दोन्ही पडद्यांवर व्यर्थ आहे.

त्याऐवजी शीटच्या कोपऱ्यात पेपर स्पेसमध्ये १०० मिमीची एक रेषा काढा. तिच्याखाली ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५० आणि ०.७० च्या सहा रेषा, आणि त्याच सहा पुन्हा थोड्या तिरक्या. व्ह्यूपोर्ट लॉक करून ठेवा आणि तुम्ही पेपर स्पेसमध्येच आहात याची खात्री करा, नाहीतर झूम करताना प्लॅनचं स्केल बदलेल. पडद्यावर स्टीलची पट्टी धरा आणि रेषा बरोबर १०० मिमी भरेपर्यंत झूम करा. आता शीट खऱ्या मापात आहे, पण निकाल अजून द्यायचा नाही. लॅपटॉपवर एका मिलिमीटरला ११ पिक्सेल पडतात. ०.१८ ला दोन पिक्सेल मिळतात, पण ०.१३ ला दीड, आणि दीड पिक्सेल काढता येत नाही, एक किंवा दोनच. म्हणून इथून `ZOOM` देऊन `4x` टाका. आता ०.१३ ला सहाच्या आसपास पिक्सेल मिळतात, ०.१८ ला आठ, ०.२५ ला अकरा. अर्धा पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी क्रम चुकत नाही. लेयर नीट बसलेत का, हे याच झूमला या सहा रेषांशी ताडून बघा.

लॅपटॉपला ऑफिसचा मॉनिटर जोडून ऑटोकॅड एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढत नेत असाल, तर जुन्या आवृत्त्यांत दुसऱ्या पडद्यावर चित्र ताणलं जातं. ज्या पडद्यावर काम करायचं तो विंडोजमध्ये मुख्य करा, साइन आउट करून परत या आणि तिथेच ऑटोकॅड उघडा.

तीच सहा रेषांची पट्टी एकदा टिळक रस्त्यावर किंवा जिथे प्लॉट काढता तिथे त्यांच्या मशीनवर छापून घ्या, पूर्ण शीट देण्याआधी. ६०० डीपीआयचा ठिपका ०.०४ मिमीचा असतो, त्यात ०.१३ ची रेषा तीन ठिपक्यांत नीट बसते. ३०० डीपीआयला दीड ठिपका होतो, म्हणून कुठे एक, कुठे दोन ठिपके पडून हॅचमध्ये पट्टे दिसतात. अशा मशीनवर हॅच ०.१८ ला न्या. राखाडी रंगात छापलेली बारीक रेषा ठिपक्याठिपक्यांत तुटते, त्यामुळे बारीक रेषांना `monochrome.ctb` वापरून पूर्ण काळ्यातच छापा. आणि तपासायला ए२ चं शीट ए४ वर काढाल तेव्हा प्लॉटच्या खिडकीत `Scale lineweights` कडे लक्ष ठेवा. टिक असेल तर सगळी जाडी निम्मी होते आणि ०.१३ ची रेषा ०.०६५ होऊन गायब होते. टिक नसेल तर जाडी तशीच राहते, पण हॅचमधलं अंतर निम्मं झालेलं असतं, म्हणून ए४ गच्च दिसतो. तो ए४ बघून लेयर बदलू नका.