विकलेलं पेन्शन परत येतंय, तोवर पाच वर्षांच्या हप्त्यात अडकू नका

प्रश्न: मी ७२ वर्षांचा, राज्य सरकारच्या कार्यालयातून ५८व्या वर्षी लिपिक म्हणून निवृत्त. निवृत्त होताना पेन्शन विकलं होतं, त्याची ४,४०० कपात जाऊन हातात १८,२०० येतात. ठाणे पूर्वेला कोपरीत आमच्या सोसायटीने मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी ४ लाख मागितलेत. एक बँक म्हणते, ७५च्या आत कर्ज फिटलं पाहिजे. दुसरी ७८पर्यंत थांबायला तयार आहे, ५ वर्षं मुदत, ११ टक्के व्याज. ५ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, पण ती आजारपणासाठी ठेवलीय, मोडायची नाही. पत्नी ६७ वर्षांची, गृहिणी. मुलाकडे मागायचं नाही. दुसऱ्या बँकेचं कर्ज घेऊ का?

उत्तर: नमस्कार काका. माझं मत, घेऊ नका. बँक फसवतेय असं अजिबात नाही. वयामुळे मुदत आखडते आणि त्याचा भार हप्त्यावर येतो, एवढंच.

पहिल्या बँकेचंच बघा. तीन वर्षांत ४ लाख फेडायचे तर ११ टक्क्यांनी हप्ता सुमारे १३,१०० येतो. पेन्शन कर्जात हप्ता साधारण पेन्शनच्या निम्म्यापर्यंत बसवतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ९,१००. तेवढ्या हप्त्यात तीन वर्षांसाठी पावणेतीन लाखांच्या आसपासच कर्ज बसतं. दुसऱ्या बँकेत पाच वर्षं मिळतात, म्हणून हप्ता ८,७०० वर येतो आणि ४ लाख मंजूर होतात. पण उरलेल्या साडेनऊ हजारांत दोघांचं घर, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स. बँकेच्या हिशोबात बसतं ते घरच्या हिशोबात बसेलच असं नाही.

त्याहून मोठी अडचण काकूंची आहे. अशा कर्जाला बहुधा पत्नीलाच जामीन ठेवतात. तुमच्या माघारी त्यांना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या पूर्ण पेन्शनच्या साधारण ६० टक्के असेल. तुमची कपात थांबल्यावरचे २२,६०० धरले तरी ते साडेतेरा हजार होतात. त्यातून ८,७०० हप्ता गेला तर हातात पाच हजारसुद्धा राहत नाहीत. कर्जावर विमा मिळतो का विचारा, पण या वयात तो मिळाला तरी महाग पडतो.

आता तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट: ४,४०० ची कपात. विकलेलं पेन्शन १५ वर्षांनी पूर्ववत होतं. तुम्ही ५८ला निवृत्त झालात, म्हणजे ७३च्या सुमारास ती कपात थांबायला हवी. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शन विकल्याची, तारीख बघा. विक्रीची रक्कम उशिरा मिळाली असेल तर १५ वर्षंही तेवढीच पुढे सरकतात. तो महिना आला की पेन्शन वाढलं का हे पासबुकात तपासा, नाही तर कोषागारात अर्ज द्या.

म्हणून मी सुचवतो ते असं. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त, म्हणजे तुम्हाला ८ टक्के. तारण तुमचीच ठेव असल्यामुळे ७५-७८ची अट सहसा आड येत नाही. कपात थांबायला अकरा महिने असतील असं धरू. तोवर दरमहा ४,५०० भरा, नंतर त्यात सुटलेले ४,४०० मिळवून ८,९००. साधारण पाच वर्षांत, ७७च्या सुमारास, सगळं फिटेल. एखाद्या महिन्यात दवाखाना लागला तर फक्त व्याज भरा, सुरुवातीला ते २,७०० च्या आत असेल. पेन्शन कर्जाच्या हप्त्याला ही मुभा नसते.

आजारपणाचा पैसा गुंतेल ही तुमची भीती खरी आहे. पण साडेचार लाखांची मर्यादा मिळाली तर ५० हजार पहिल्या दिवसापासून शिल्लक असतील, आणि मुद्दल जसजशी फिटेल तसतशी ती रक्कम पुन्हा वापरता येईल. तुमच्या माघारी बँक ठेवीतून येणं वळतं करून उरलेलं काकूंना देईल. त्यासाठी नॉमिनेशन आधी तपासून घ्या. ठेवीची पावतीही बघा: पाच वर्षांची करबचत एफडी असेल किंवा पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असतील तर त्यावर कर्ज मिळत नाही.

एक विचारायचं राहिलं. इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कोणता वर्ग आलाय? महापालिकेच्या वर्गवारीत सी-२बी म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती, तिथे पैसे द्यायला हरकत नाही. सी-२ए असेल तर दुरुस्तीसाठी घर रिकामं करावं लागेल, मग भाड्याचा खर्च ४ लाखांवर वेगळा. सी-१ असेल तर इमारत पाडायचीच आहे, तिच्या दुरुस्तीसाठी एक रुपयाही देऊ नका. सचिवांकडून अहवालाची प्रत मागा, आणि ४ लाख एकदम न देता कामाच्या टप्प्यांनुसार देता येतील का तेही विचारा. ओव्हरड्राफ्टला व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं, त्यामुळे टप्पे पडले तर तेवढं व्याजही वाचेल.