पस्तिशीतील गृहिणीसाठी अटल पेन्शन

ताई, तुमचे वय 35 आहे आणि तुम्ही स्वतः प्राप्तिकर भरत नाही आणि पूर्वीही भरलेला नाही, म्हणून पतीच्या उत्पन्नाचा विचार न करता अटल पेन्शन योजनेत तुम्हाला नाव नोंदवता येईल. चाळिशीनंतर ते दार बंद होते. दरमहा 902 रुपये भरल्यास साठीनंतर महिना 5000 रुपये मिळतील. महागाईपुढे ही रक्कम तोकडी पडेल हे खरे, पण ती तुमच्या नावाची असेल.

हप्ता शक्यतो स्वतःच्या बचत खात्यातून कापला जाऊ द्या. संयुक्त खात्यातून दुसऱ्याने पैसे काढले की शिल्लक अपुरी पडते, हप्ता चुकतो आणि दंड लागतो. पासबुकात 902ची नोंद दिसली नाही, तर लगेच चौकशी करा. संयुक्त खाते घरखर्चासाठी ठेवा, मात्र त्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’, म्हणजे दोघांपैकी कोणालाही आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला खाते चालवता येईल, अशी सूचना आहे का, हे तपासा.