ग्राहकाने पाठवलेला पेमेंटचा स्क्रीनशॉट खरा की खोटा?

प्रश्न: मी नाशिकहून व्हॉट्सअ‍ॅपवर मनुका विकते. स्क्रीनशॉट बनावट आहे हे कसं ओळखायचं?

ताई, स्क्रीनशॉट निरखत बसूच नका. हुबेहूब चित्र बनवणारी अ‍ॅप्स आहेत, त्यात नाव, रक्कम, वेळ, अगदी प्रत्येक व्यवहाराला मिळणारा १२ आकडी यूटीआर नंबरही हवा तो टाकता येतो. पैसे आले की नाही, हे फक्त तुमच्या खात्याचं स्टेटमेंट सांगतं. तोच यूटीआर तिथे जमेच्या बाजूला दिसला तरच पार्सल बांधा.

माझ्यावर झालेला प्रयोग सांगतो. १,२०० रुपयांची ऑर्डर. स्क्रीनशॉट आला १२,००० चा, पाठोपाठ ‘खात्यात जमा’ असा मेसेज आणि लगेच फोन: “दादा, एक शून्य जास्त पडलं, १०,८०० परत पाठवा ना, दवाखान्यात आहे.” मेसेज नीट पाहिला तर साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेचा मेसेज असा येत नाही, तिथे अक्षरी नाव असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये बाकी जशीच्या तशी. म्हटलं, “बँकेत तक्रार करा, बँकच परत करेल.” फोन कट!

पैसे ‘घेण्यासाठी’ कुणी क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला लावलं, तर तिथेच थांबा. यूपीआय पिन टाकला की पैसे जातात किंवा बाकी दिसते, येत काहीच नाही.

चुकून पाठवलेच तर आधी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. रक्कम काढून घेतली जाण्याआधी कळवलं तर ती गोठवता येऊ शकते.