युकेला निघण्याआधी व्हिसावरच्या अटी वाच

स्किल्ड वर्कर व्हिसा आला म्हणालीस, पण ई-व्हिसा उघडून अटी वाचल्यास का? त्यात No public funds असं दिसेल, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत. पण दवाखाना बंद असं नाही. एनएचएस ही तिथली सरकारी आरोग्यसेवा आणि मुलांची सरकारी शाळा यात मोडत नाही. मोडतात चाइल्ड बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट.

आमचं बाळ तिकडेच झालं. शेजारच्या काकू मायेने म्हणाल्या, "चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म भर, सगळेच भरतात." तेव्हा अटी छापलेलं कार्ड असायचं. बायकोने ते माझ्यासमोर धरलं आणि मी पेन खाली ठेवलं. पैसे घेतले असते तर अटीचा भंग झाला असता आणि पुढचा व्हिसा अडचणीत आला असता.

नोकरीचं त्याहून जपून. ठाण्यात आपण शुक्रवारी एक ऑफिस सोडून सोमवारी दुसरं धरतो, तसं तिथे चालत नाही. परवानगी त्याच कंपनीतल्या त्याच कामाची असते. दुसरी ऑफर आली, तर आधी नव्या कंपनीकडून सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप घे, नवा अर्ज कर आणि मंजुरी येईपर्यंत तिथे रुजू होऊ नकोस. तोवर जुन्या ठिकाणी काम चालू ठेवता येतं, म्हणून राजीनाम्याची घाई करू नकोस.