जुन्या टिपणांवर खुणा करताना

अभ्यासक्रम बदलल्यावर जुन्या टिपणांवर खुणा कशा कराव्यात, हे विचारलेत ते बरे केलेत. म्हापशात दहावीचे विज्ञान शिकवताना मी दर बदलानंतर हेच काम करतो. सुरुवातीला जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी ठेवून ओळीने वाचा आणि टिपणांच्या समासात पेन्सिलीने तीनच खुणा करा: नवे असेल तर अधिक, वगळले असेल तर उणे, शब्द बदलले असतील तर लहरी रेघ.

नवशिक्यांची मोठी चूक म्हणजे केवळ मथळे पाहून खुणा करणे. २०२२ साली एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांतील आशय कमी केला, तेव्हा ‘अनुवंश आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव ‘अनुवंश’ झाले. हा शब्दबदल वाटतो, पण उत्क्रांतीचा भागच गेला होता. तिथे लहरी रेघ नव्हे, उणे हवे.

विद्युत धारेच्या चुंबकीय परिणामांच्या प्रकरणात याहून जपायला हवे. विद्युत मोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र हे भाग गेले, त्यामुळे प्रवर्तित धारेची दिशा सांगणारा फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियमही गेला. मात्र उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम राहिला, कारण तो सरळ तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगतो. एका विद्यार्थिनीने ‘उजवा हात’ दिसताच दोन्ही खोडले होते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियमही मोटरच्या पानावर लिहिलेला असतो, पण तो राहतो. म्हणून ते पान फाडू नका, नियम आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

शाईने खोडणे सर्व पडताळून झाल्यावरच.