फ्रेंच बचावात c8 चा उंट कसा सोडवायचा?

प्रश्न: फ्रेंच बचावात e6, d5 वरच्या माझ्याच प्याद्यांमागे उंट अडकतो. काय करू?

उत्तर: पांढऱ्याने e5 खेळून केंद्र बंद केलं असेल, तर मी आधी अदलाबदलीचा मार्ग शोधतो. b6 खेळून Ba6. तो d3 च्या उंटाशी भिडतो आणि पांढऱ्याचा सर्वात चांगला उंट पटावरून जातो. मात्र त्याआधी वजीर d7 वर ठेवा. तो d8 वरच असेल आणि पांढऱ्याने c3 खेळलेलं असेल, तर Bxa6 Nxa6 नंतर Qa4+ शह बसतो आणि a6 चा घोडा फुकट जातो.

अदलाबदल जमत नसेल, तर f6 करून उंट d7, e8 मार्गे h5 वर न्या. यात तीन चाली जातात, म्हणून केंद्र उघडं असताना हा फेरा नको.