तिसऱ्या रकान्यात एकच पाठ घे

बी.एड.च्या अध्ययन उपपत्तींचा तक्ता करताना 'वर्गातला उपयोग' या रकान्यात सगळ्यांसाठी एकच पाठ घे. मी ५२ वजा २७ घेते. स्किनरच्या ओळीत प्रत्येक बरोबर पायरीला लगेच शाबासकी, म्हणजे प्रबलन. पियाजेच्या ओळीत मूल स्वतः दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून पाहतं. वायगॉट्स्कीकडे मूल अडलं की बाई विचारतात, "दोनातून सात जातात का?" आणि पुढच्या गणितांत ती मदत हळूहळू काढून घेतात. या शेवटच्या दोन्ही ओळींत नुसतं 'कृतीतून शिक्षण' लिहिलंस, तर फरक निसटलाच समज. आणि हो, अशा हळूहळू काढून घ्यायच्या मदतीसाठीचा 'स्कॅफोल्डिंग' हा शब्द वायगॉट्स्कीच्या नावावर टाकू नकोस; तो १९७६ च्या वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखातला आहे.